द्राक्षमजुरांना पाठवायचा आभाराचा निरोप मी तीनदा लिहिला

माझी पीएचडी द्राक्षबागेत टोळीने काम करणाऱ्या मजुरांवर आहे. गोडी छाटणीच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाड भागात टोळ्या येतात. छाटणी, वेलीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावणं, मग फेलकाढणी म्हणजे नको ते फुटवे काढणं, पुढे डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, असं एकामागून एक काम एकरावर उक्तं घेतात. मी 9 टोळ्यांमधल्या 64 जणांशी बोलले. उचल म्हणजे आगाऊ पैसे किती घेतले, ती उचल फिटते कशी, पेस्ट लावताना हातमोजे मिळतात का, मुकादम किती कापून घेतो, हे सगळं विचारलं. काम दिसायला सोपं होतं, रोज सकाळी एसटीने दिंडोरी, तिथून कुणाच्या तरी गाडीवर बाग, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसून प्रश्न. हे लिहितेय ते मात्र त्यानंतरच्या भागाबद्दल, म्हणजे सर्व्हे संपल्यावर लोकांना आभार मानणारा जो निरोप पाठवायचा असतो त्याबद्दल, कारण तो मला वाटला त्यापेक्षा खूप अवघड गेला.

पहिला निरोप मी गुगल फॉर्ममध्येच लिहिला होता. फॉर्म सबमिट केला की जो मेसेज दिसतो ना, त्याच्या जागी. "आपण दिलेल्या माहितीबद्दल मनःपूर्वक आभार. आपली माहिती पूर्णपणे निनावी राहील. आपल्या उत्तरांमुळे मजुरांच्या परिस्थितीत सुधारणा होण्यास मदत होईल." वाचायला छान वाटतं. पण फॉर्म माझ्या मोबाईलवर, भरणारी मी, त्यामुळे सबमिट दाबल्यावर तो मेसेज दिसायचा मला. समोरची बाई तोपर्यंत डबा बंद करून वेलीखाली परत गेलेली असायची. म्हणजे 64 वेळा आभार मानले गेले आणि ते ज्यांचे होते त्यांच्यापर्यंत एकदाही पोचले नाहीत. हे मला डिसेंबरमध्ये डेटा साफ करताना लक्षात आलं आणि खूप वाईट वाटलं.

मग दुसरा लिहिला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला. तोच मजकूर, थोडा सोपा करून. आधी फक्त एका टोळीच्या मुकादमाला पाठवला, म्हटलं तुमच्या सगळ्यांना वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी त्याच टोळीतल्या एका मावशींचा फोन. "ताई, सुधारणा होणार म्हणे, मग मजुरी कधीपासून वाढणार? आम्ही फेलकाढणीचा भाव ठरवायला थांबलोय." त्या अगदी सरळपणे विचारत होत्या. मी काहीतरी गुळमुळीत बोलले, फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. माझ्या एका वाक्यावर भरवसा ठेवून 7-8 बायका भाव ठरवायचं थांबवतात, आणि त्या वाक्याच्या मागे माझ्याकडे काहीही नाही. माझ्या प्रबंधाने कुणाची मजुरी वाढणार नाहीये. तो विद्यापीठात जमा होईल, नंतर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहावर चढेल, तिथे कुणालाही वाचता येईल, एवढंच मी खात्रीने सांगू शकते. संध्याकाळी मावशींना परत फोन केला आणि हेच सांगितलं, भाव तुमचा तुम्ही ठरवा, माझ्यासाठी थांबू नका. त्या म्हणाल्या बरं झालं सांगितलं.

तिथून मी निरोपातलं प्रत्येक वाक्य उचलून तपासायला लागले की हे खरं आहे का.

"निनावी" हे पहिलं पडलं. निनावी म्हणजे कुणी काय सांगितलं हे मलाही कळणार नाही. मला तर सगळं माहीत होतं. माझ्या वहीत नाव, गाव, फोन नंबर आणि समोर कोड लिहिलेला आहे, तिसऱ्या टोळीतल्या पाचव्या माणसाचा कोड ३-०५ असा. फॉर्ममध्ये नावाच्या जागी फक्त कोड जातो. याला गोपनीय म्हणायचं, म्हणजे मला माहीत आहे पण मी सांगणार नाही. आपल्याकडे हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, पण उत्तर देणाऱ्यासाठी फरक मोठा आहे, कारण गोपनीयमध्ये त्याला माझ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

बरं, शीटमध्ये नाव नाही म्हणून निश्चिंत व्हावं तर तेही नाही. गुगल फॉर्मचं शीट उघडलं की पहिलाच कॉलम Timestamp चा असतो, आपण मागितला नाही तरी येतो. मी एका दिवशी एकाच बागेत जायचे. म्हणजे तारीख बघितली की बाग कळली, बाग कळली की टोळी कळली, आणि टोळीत दहा-अकरा माणसं, त्यात वय आणि बाई-पुरुष एवढं जुळवलं की माणूस सापडला. गाईडना पाठवायच्या शीटमधून मी तो कॉलम डिलीट केला, तर लक्षात आलं की ज्याला एडिटचा अ‍ॅक्सेस आहे त्याला व्हर्जन हिस्ट्रीत जाऊन जुनं शीट बघता येतं. शेवटी नवीन कॉपी काढली, कॉपीत जुनी हिस्ट्री येत नाही, त्यातून तारीख आणि गाव काढलं, वय नेमकं न ठेवता दहा-दहा वर्षांचे गट केले, आणि ती कॉपी पाठवली. हे करेपर्यंत "तुमची माहिती सुरक्षित आहे" असं लिहायचा मला हक्क नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका वाक्यावर. माझ्या 64 जणांत बाई मुकादम एकच होत्या. उचल कशी फिरते, एका वर्षाची पुढच्या वर्षावर कशी ढकलली जाते, हे त्यांनी जितकं स्वच्छ सांगितलं तितकं कुणीच सांगितलं नाही, आणि ते वाक्य प्रबंधात यावं असं मला मनापासून वाटत होतं. मी लिहिलं होतं, "सुरगाणा तालुक्यातील एक महिला मुकादम म्हणाल्या". नाव नाही, गाव नाही. पण त्या भागातल्या कुणाही बागायतदाराला हे वाचून दाखवा, तो नावासकट सांगेल. मी त्यांना फोन करून ते वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि विचारलं, कोण बोललं हे लोकांना कळू शकतं, चालेल का? त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "बोललेलं राहू द्या, पण मुकादम बोलली असं नको. पुढच्या साली त्याच बागेत जायचंय." मग प्रबंधात "एका टोळीतील महिला" एवढंच आहे. त्यामुळे माझा मुद्दा थोडा कमजोर झाला, कारण मुकादमानेच हे सांगणं याला वजन होतं. ते वजन सोडलं.

एका बागायतदाराने तर सरळ विचारलं होतं, आमच्या बागेतल्या लोकांनी काय काय सांगितलं ते दाखवा. माणूस चांगला, बागेत बसू दिलं, चहा पाजला. पण नाही म्हणावं लागलं. त्यानंतर उत्तरं बागमालकाला दाखवणार नाही हे वाक्य निरोपात आवर्जून घातलं, कारण मजुरांच्या मनातली खरी भीती हीच असते, विद्यापीठ वगैरे त्यांच्या दृष्टीने फार लांब.

आणि माघार. "केव्हाही माघार घेऊ शकता" असं छापील संमतीपत्रात असतं, मीही लिहिलं होतं, पण ते खोटं आहे. वही नष्ट केली की ३-०५ कोण हे मलाच कळणार नाही, मग काढू काय? म्हणून तारीख ठरवली, 31 जानेवारी. तोपर्यंत फोन करा, काढते. त्यानंतर कोडची पानं फाडून जाळणार, निकाल कळवण्यासाठी फक्त फोन नंबरांची वेगळी यादी राहील ज्यावर कोड नाही.

तिसरा निरोप असा झाला. टाईप करून पाठवलाच, पण बऱ्याच जणांना वाचायचा कंटाळा किंवा वाचता येत नाही, म्हणून माझ्या आवाजात रेकॉर्ड केला, आणि सुरगाण्याच्या एका मैत्रिणीने त्यांच्या कोकणा बोलीत वेगळा रेकॉर्ड करून दिला. मुकादमामार्फत नाही, प्रत्येकाच्या नंबरवर. ज्यांच्याकडे फोन नाही अशा 6 जणांना बागेत जाऊन ऐकवला.

"नमस्कार. दिवाळीच्या सुमारास बागेत तुमच्याशी बोलले होते, ती मी. जेवणाच्या सुट्टीतला वेळ तुम्ही मला दिलात, त्याबद्दल आभार. तुम्ही सांगितलेलं मी माझ्या पीएचडीच्या प्रबंधात वापरणार आहे. तो पुढे इंटरनेटवर कुणालाही वाचता येईल. त्यात तुमचं नाव, गाव, नंबर नसेल. तुमची काही वाक्यं जशीच्या तशी येतील, आणि तुम्हाला जवळून ओळखणाऱ्याला बोलण्यावरून अंदाज येऊ शकतो. बागमालकाला किंवा मुकादमाला तुमची उत्तरं मी दाखवलेली नाहीत आणि दाखवणार नाही. माझे सर उत्तरं बघतील, नावाशिवाय. औषधाच्या त्रासाबद्दल विचारलेला प्रश्न मी नीट विचारला नव्हता, त्याचं उत्तर वापरणार नाही. यामुळे मजुरी वाढेल किंवा एखादी योजना मिळेल असं मी सांगू शकत नाही. तुमचं उत्तर काढून टाकायचं असेल तर 31 जानेवारीपर्यंत फोन करा, कारण सांगायची गरज नाही. त्यानंतर काढता येणार नाही. काम पूर्ण झालं की काय निघालं ते असंच बोलून पाठवीन."

तो औषधाचा प्रश्न म्हणजे, मी विचारलं होतं "फवारणीचा त्रास होतो का", आणि अर्ध्या लोकांनी पेस्टमुळे हाताची आग होते ते त्यात धरलं, अर्ध्यांनी नाही धरलं. अशी उत्तरं मोजून काही अर्थ निघत नाही. लोकांनी हात दाखवून सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना न कळवता ते गुपचूप वगळणं मला जमेना.

सर म्हणाले, एवढं सांगितलंस तर निम्मे लोक माघार घेतील. दोन फोन आले. एक जण म्हणाले की मजुरी वाढणार नाही हे कळलं, पण असू द्या, खरं आहे ते लिहा. दुसरा फोन एका तरुण मुलाचा, त्याने काढायला सांगितलं. मी शीटमधली ओळ काढली, आणि मग आठवलं की शीटमधून काढलं तरी फॉर्ममध्ये उत्तर तसंच राहतं. फॉर्मच्या Responses मध्ये Individual वर जाऊन तिथूनही डिलीट केलं, माझ्या लॅपटॉपवर उतरवलेल्या फाईलमधून काढलं, सरांना नवी कॉपी पाठवून जुनी डिलीट करायला सांगितली. सगळं मिळून तासभर लागला. मग त्याला मेसेज केला की चारही ठिकाणचं काढलंय, आणि प्रबंधात आता सगळीकडे 64 च्या जागी 63 आहे.