मूर्ती वाळली का, एवढंच बघा

"ताई, १ फुटाच्या शाडूच्या गणपतीचे २२०० का? आमच्या कोपऱ्यावर ८०० ला मिळतो. आणि बादलीत खरंच विरघळतो का? मागच्या वर्षी आमचा दोन दिवस तसाच होता."

आधी तो कोपऱ्यावरचा बघा, शाडूचाच आहे ना. मूर्ती उलटी करा, खाली जिथे रंग नाही तिथे बोटाने दोन थेंब पाणी लावा आणि जरा चोळा. शाडू असेल तर जागा काळपट होते आणि बोटाला चिखल लागतो. प्लास्टर असेल तर पाणी शोषून घेतं पण चिखल काही होत नाही. आणि 'मातीची आहे' एवढ्यावर जाऊ नका हां, भाजलेली मातीही मातीच असते पण ती पाण्यात विरघळत नाही, कुंडी कुठे विरघळते?

आता पैशांचं. साच्यातून मूर्ती काढायला मला तास-दीड तास लागतो. गोळा मळायचा, साच्यात दाबायचा, काढल्यावर हात-सोंड नीट करायची, एवढं झालं की दिसायला मूर्ती तयार! पण ती ओली असते, आणि खरं काम तिथून सुरू होतं. १२ इंची मूर्ती साच्यातून निघते तेव्हा जवळपास १३ इंचाची असते, वाळताना आक्रसते. हे आक्रसणं सगळीकडून सारखं व्हायला लागतं, नाहीतर सोंडेच्या मुळाशी, मनगटाला, कानामागे तडा जातो. म्हणून उन्हात ठेवायची नाही, फॅन थेट मारायचा नाही, आणि हॅलोजन लावून शेकायची तर अजिबात नाही कारण वरची साल कडक होते आणि बैठकीत ओल तशीच राहते. सावलीत, मांडणीवर, सुरुवातीला ओलसर फडकं टाकून हळूहळू. मे महिन्यात १२ इंचीला आठ दिवस पुरतात, जुलैच्या झडीत पंधरा-अठराही लागतात, आणि तेवढे दिवस ती मांडणीवरची जागा अडवून बसते. माझ्याकडे पार्किंगमधल्या खोलीत चार मांडण्या आहेत, बस. त्या जागेचे आणि दिवसांचे पैसे आहेत हे. रंग, आखणी, काथ्या वगैरे वेगळं, पण त्याने एवढा फरक पडत नाही.

बरं, दोन दिवस विरघळला नाही त्याचं. हा अनुभव माझ्याही गिऱ्हाइकाला आलाय आणि चूक माझी होती, म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी मी ऑर्डरी घेतच गेले, शेवटची खेप साच्यातून निघाली तेव्हा चतुर्थीला बारा दिवस उरले होते आणि आठ दिवस पाऊस थांबलाच नाही. वरून मूर्ती खडखडीत वाटली, रंग दिला, दिली पाठवून. दीड दिवसाचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिंहगड रोडवरच्या एका काकूंचा फोन, "अगं, डोकं गेलं पण बसलेलं तसंच आहे, बघवत नाही." मी गेले. टबात हात घातला तर खांदे, हात, मुकुट सगळं गाळ होऊन तळाला, आणि बैठक मात्र साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, घट्ट. तीच ओली राहिली होती.

ऐकायला उलटं वाटतं, पण माती जितकी कोरडी तितकी पाण्यात लवकर विरघळते. कोरड्या मातीत बारीक बारीक जागा रिकाम्या असतात, त्यात पाणी घुसतं, आतली हवा बाहेर पडते आणि माती फुटून सुटी होते. ओल्या मातीत आधीच पाणी भरलेलं, नवीन घुसणार कुठून? म्हणून वाळलेली मूर्ती पाण्यात सोडली की बुडबुडे येतात, कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. बुडबुडे आलेच नाहीत तर एकतर आत ओल आहे, नाहीतर वरून ऑइलपेंट किंवा वॉर्निश मारलंय.

तेव्हापासून मी प्रत्येक मूर्ती रंगाआधी वजनकाट्यावर ठेवते. आज ५ किलो ९०० भरली आणि परवा ५ किलो ७०० भरली म्हणजे पाणी अजून जातंय, परत मांडणीवर. दोनदा सारखं वजन आलं की मगच रंग. तुम्हाला घरी बघायचं तर बैठकीचा खालचा भाग गालाला लावून बघा, गार लागला तर ओल आहे.

यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला, त्यामुळे वाळवायला दिवस जरा जास्त आहेत, तरी ऑर्डर ३१ जुलैपर्यंतच. ६ इंची ७००, ९ इंची १३००, १२ इंची २२००, १५ इंची ३८००. ५०० ॲडव्हान्स, ६ इंचीला २००. उंची पाटापासून मुकुटापर्यंत धरते, पण मखरासाठी रुंदी पण विचारा, लोड असलेली १२ इंची मूर्ती सहज १० इंच रुंद होते. १५ च्या वर मी करत नाही, वजन झेपत नाही आणि वाळायची खात्री मला देता येत नाही. उचलताना पाटाला धरून, हाताला किंवा कानाला धरून कधीच नाही. रंग साधे आहेत, ओला हात लागला की निघतात, त्यामुळे अभिषेक सुपारीवर करा.

विसर्जनाला आधी भांडं बघा. घरातल्या २० लिटरच्या बादलीत ९ इंची नीट बुडते, १२ इंचीचा मुकुट वर राहतो आणि वर राहिलेलं विरघळत नाही, म्हणून कपडे भिजवायचा खोल टब किंवा ड्रम घ्या, मुकुटावर चार बोटं पाणी यायला हवं. हार, वस्त्र, जानवं, दागिने, पाट सगळं काढा. आधी पाणी भरा, मग मूर्ती हळूच सोडा आणि तीन-चार तास हात लावू नका. मग बैठकीभोवती जमलेला गाळ हाताने बाजूला करा, कारण तो साचला की आतल्या मातीपर्यंत पाणी नीट पोचत नाही. ९ इंची रात्रीतून जाते, १२ इंचीला दुसरी दुपार धरा. ती अमोनियम बायकार्बोनेटची पावडर प्लास्टरसाठी असते, शाडूला नको, उगाच घरभर वास.

नंतर एक दिवस टब हलवू नका. वरचं पाणी झाडांना घाला, पण गाळ मोरीत ओतू नका, तो तळाशी बसून पाइप तुंबवतो आणि मग प्लंबर मला शिव्या घालतो! तुळशीच्या कुंडीतही अख्खा ओतू नका, नुसता शाडू वाळला की दगड होतो आणि मुळाशी पाणी जात नाही, मूठभर गाळ बागेच्या मातीत मिसळला तर चालेल. उरलेला जुन्या सुती कापडावर पसरून वाळवा आणि मला आणून द्या. मी चाळून, भिजवून परत वापरते, आणि पुढच्या ऑर्डरीत ५० रुपये कमी करते. फक्त त्यात अक्षता आणि फुलांच्या पाकळ्या नको, मागच्या वेळी एका पोत्यात तांदूळ निघाले आणि ते भिजवल्यावर दोन दिवसांत खोलीत उभं राहवेना.