एकशेदहाच का, तुम्ही विचारलंत म्हणून

"अहो, दीड वर्ष थांबलात आणि शेवटी पोराला घेतलीत काय, तर साधी एकशेदहा! हल्ली १२५ च्या खाली कोण घेतं?"

पोराला ११० सीसीची स्कूटर घेतली तेव्हापासून लिफ्टमध्ये, गणपतीत, भाजीवाल्यासमोर, सगळीकडे हेच ऐकतोय. एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी फक्त हसून पुढे जाता येईल.

आधी त्या दीड वर्षाचं. सोळा पूर्ण झाल्यावर चिरंजीवांचं लर्निंग निघालं. संमतिपत्रावर मीच सही केली. लर्निंग आलं म्हणजे गाडी आली, असं मीही धरून चाललो होतो. घोडबंदर रोडवरच्या एका शोरूममध्ये १२५ ठरवलीसुद्धा. रंगही ठरला होता. सेल्समन म्हणाला, "काका, लर्निंग आहे ना, मग टेन्शन कशाला? इथे कोण पकडतंय?" त्याच्या त्या 'कोण पकडतंय'मुळेच मी लर्निंगचा कागद पुन्हा काढून वाचला. वाहनाच्या प्रकारात लिहिलं होतं MC50CC. म्हणजे ५० सीसीपर्यंतच. सोळा ते अठरा या वयात कायदा एवढीच मुभा देतो, आणि ५० सीसीची नवी पेट्रोल स्कूटर हल्ली शोरूममध्ये मिळतच नाही. परवानगी आहे, पण ज्याची परवानगी आहे ती वस्तूच बाजारात नाही.

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड आहे. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलाकडे लर्निंग असेल तर पालक यातून सुटतो, पण गाडी त्या लर्निंगवर चालवता येणारी असली तरच. माझी १२५ त्यात बसत नव्हती. मला सगळ्यात जास्त भीती त्या पंचविसाव्या वर्षाची वाटली. कॉलेज संपून नोकरी लागली तरी पोरगं शेअर रिक्षाच्या रांगेत.

"इलेक्ट्रिक का नाही घेतली मग?" हेही विचारता. २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ च्या पुढे न जाणारी असेल तर लायसन्स लागत नाही, नोंदणीही लागत नाही. तीही बघायला गेलो होतो. दुकानदाराने आवाज खाली आणून सांगितलं, "एक वायर काढली की पंचेचाळीसने पळते." ती वायर निघाली की ती कायद्याने मोटार वाहन होते, आणि तेही बिनानंबरचं, बिनाविम्याचं. वायर न काढता घेतली असती तर घोडबंदरवर डंपरच्या मधून ताशी पंचवीसने. नको म्हटलं. पोरगं चार दिवस बोललं नाही. मला त्याचं चुकलं असं वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

अठरा झाल्यावर नवीन लर्निंग काढलं, बिनगिअरचं, सीसीची अट नसलेलं. आता कुठलीही स्कूटर चालली असती. माझ्या मेहुण्याकडे स्पोर्टी १२५ आहे, तिच्यावर शिकवू आणि मग तीच घेऊ, असा बेत होता.

आता त्या रविवारचं सांगतो. तुम्ही विचारता त्याचं उत्तर काही असेल तर ते तिथे आहे, आणि नसेल तर तेही तिथेच आहे.

जूनमधली सकाळ होती, साडेसहा वाजलेले, पाऊस नुकता थांबलेला. मी नियमाने वागणारा माणूस. लर्निंगवाल्याबरोबर लायसन्सधारक हवा आणि तो गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा, म्हणून मी मागे बसलो. पुढे-मागे १८ सेंटिमीटरचे पांढरे चौकोन, त्यावर लाल एल, हे मीच रात्री बसून कापलं होतं. पण स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून थांबवायचं कसं, हे कोणी मला सांगावं. कार शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो. माझ्या हातात पोराचे खांदे होते आणि तोंडात "हळू, हळू".

आता वजनाचा हिशेब करा. गाडी ११८ किलो, पोरगं ५४ आणि मी ७८, मिळून अडीचशे. तीन दिवसांत ज्याला एकट्याने सरळ जायला जमलं होतं, त्याच्या मागे मी माझ्या पोटासकट ७८ किलो ठेवले, आणि तेही मागच्या चाकाच्या वर. अशाने पुढचं हँडल हलकं होतं. हळू वेगात गाडी लडबडायला लागते आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

पातलीपाड्याच्या पुलाखालून यू-टर्न घ्यायचा होता. मेट्रोच्या कामाची बारीक खडी तिथे पसरलेली होती. वेग असेल आठ-दहाचा. हँडल उजवीकडे पूर्ण वळलेलं, आणि समोरून एक रिक्षा उलट्या बाजूने आली. रिक्षा फार लांब होती, थांबलीही. पण पोराने उजवा ब्रेक गच्च दाबला.

स्कूटरच्या डाव्या लिव्हरने मागचा ब्रेक लागतो आणि त्याबरोबर थोडा पुढचाही. त्याला कॉम्बी ब्रेक म्हणतात. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना २०१९ पासून कॉम्बी किंवा चाक अडकू न देणारं एबीएस सक्तीचं आहे, आणि कंपन्या बहुतेक कॉम्बीच देतात. उजवी लिव्हर मात्र फक्त पुढच्या चाकाची. तिला डिस्क असेल आणि एबीएस नसेल, तर वळलेल्या हँडलवर खडीमध्ये ती दाबणं म्हणजे पुढचं चाक जागच्या जागी अडकवणं. चाक फिरेनासं झालं आणि गाडी उजवीकडे बसली. पडण्याएवढाही वेळ लागला नाही. मी उजवा हात टेकवला आणि मनगटातून 'कट्' असा आवाज आला.

खरा धक्का त्याच्या पुढे होता. पोरगं उठलं, त्याला काही लागलं नव्हतं. "बाबा, बाबा" करत त्याने आधी गाडी उचलायला घेतली. इंजिन चालूच होतं. पडलेली गाडी उचलताना माणूस उजव्या हाताने जे धरतो ती मूठ असते, आणि ती मूठ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. गाडी उभी राहता राहता झटक्यात पुढे निघाली आणि दोन हात लांबच्या बॅरिकेडवर आदळली. तो तिच्याबरोबर ओढला गेला नाही, हे नशीब. साइड स्टँड लावलेला असताना इंजिन बंद ठेवणारी सोय अनेक गाड्यांत असते, पण गाडी आडवी पडलीय आणि स्टँड वर आहे, तेव्हा तिचा काय उपयोग? उचलायच्या आधी चावी बंद करायची, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. मला स्वतःला कोणी शिकवलं नव्हतं.

सहा आठवडे प्लास्टर. मेहुण्याची गाडी मी माझ्या पैशांनी दुरुस्त करून दिली. विम्याच्या फॉर्मवर 'चालवणाऱ्याचं लायसन्स' या रकान्यापाशी पेन थांबलं. आम्ही नियमात होतो, तरी तो फॉर्म भरावासा वाटला नाही.

आता तुमचा प्रश्न. एकशेदहा असती तर पडलो नसतो का? पडलो असतोच. आठ-दहाच्या वेगात १२५ ची ताकद आली कुठे? दोन्हीच्या ताकदीत फरकही फारसा नाही. एकशेदहाला आठच्या आत हॉर्सपॉवर, त्या १२५ ला नऊच्या थोडी वर. प्लास्टर असताना मी हे कागदावर मांडून बसलो होतो आणि दर वेळी हिशेब माझ्या विरुद्ध जात होता. मला जे पटलं ते असं, की शिकणाऱ्याची गाडी पन्नासच्या वेगाने नाही, पहिल्या दहा मीटरनी निवडायची. थांबलेली असताना दोन्ही पाय पूर्ण टेकतात का, एका बाजूला कलली तर ती पेलवते का, मूठ किंचित फिरवल्यावर किती अंगावर येते. चार्जिंगच्या वेगवान गाड्या मी म्हणूनच नाकारल्या. पेट्रोलच्या स्कूटरला क्लच धरेपर्यंत एक क्षण ढिलाई मिळते, विजेच्या मोटारीचा जोर शून्यापासूनच हजर. इको मोड असतो, मान्य. पण तो मोड बदलायचं बटण त्याच्याच अंगठ्याशी आहे.

घेतलेली एकशेदहा १०६ किलोंच्या आसपास आहे. पुढे ड्रम ब्रेक आहे, डिस्क नाही. हे मी मुद्दाम केलं, कारण ड्रम तेवढा झटकन अडकत नाही. बायको म्हणते, भर पावसात सरळ रस्त्यावर पुढे बस थांबली तर तुला डिस्कच हवी होती असं वाटेल. तिचं बरोबर असू शकतं. मी एका पडण्यावरून गाडी निवडली, ती पडणं सोडून बाकी सगळ्या दिवसांसाठी निवडते आहे. आमचं यावर अजून एकमत नाही.

एका गोष्टीवर मात्र झालं. मागे ती बसते. ५१ किलो, आणि लायसन्स माझ्याआधीचं. एकूण भार अडीचशेवरून २११ वर आला, नि हँडल लडबडायचं थांबलं. पहिले आठ दिवस तिने त्याला उजव्या लिव्हरवर बोटंच ठेवू दिली नाहीत. मूठ सोड, डावा दाब, एवढंच. हे तिला सुचलं, मला नाही, हे इथे जाहीर करतो. आणि मेहुणा दोन रविवार त्याला एकटं सोडून मागून दुसऱ्या गाडीवर गेला, हेही लपवत नाही. नियमात ते बसत नाही. त्या दोन दिवसांत पोरगं सगळ्यात जास्त शिकलं, आणि त्याच दोन दिवसांत काही झालं असतं तर विमा कंपनीने पहिला प्रश्न तोच विचारला असता.

तर १२५ का नाही, याचं माझं उत्तर पक्कं नाही. पर्मनंट हातात आल्यावर तो पुन्हा १२५ मागेल आणि मला नकाराला कारण सापडणार नाही. लर्निंगला तीस दिवस केव्हाच उलटले, टेस्ट येत्या मंगळवारी आहे. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये खडूने इंग्रजी आठ काढून तो फिरतो. डावीकडचं वळण छान घेतो. उजवीकडच्या वळणाला अजून पाय टेकतो, आणि मी खांबामागे उभा असलो की दोनदा टेकतो.