नऊवरून दहा, दहावरून नऊ

"ताई, मी नऊ आणि दहामध्येच फिरतोय. बाहेर कधी पडायचं?"

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आलेला हा फोन अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. फोन करणारा मुलगा फिजिओथेरपी शिकतो. त्याला उजेड-अंधार कळतो, अक्षरं दिसत नाहीत. अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी अभ्याससाहित्य तयार करणं हे माझं काम. पुस्तक स्कॅन करायचं, मजकूर तपासायचा, मथळे लावायचे आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला नीट वाचता येईल अशी फाइल द्यायची. बाहेरच्यांना वाटतं की चित्रं सर्वांत अवघड जात असतील. खरं तर हृदयाची आकृती उठावाच्या कागदावर काढता येते, आलेखाचा तक्ता करता येतो. अवघड जातो तो फ्लोचार्ट. डोळ्याला सगळे फाटे एकदम दिसतात, पण कानाला एका वेळी एकच ओळ मिळते आणि मागे काय ऐकलं ते लक्षात ठेवावं लागतं.

त्याच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकल हॉलमध्ये भिंतीवर एक फ्लेक्स आहे. माणूस अचानक कोसळला तर काय करायचं, ते त्यावर दाखवलंय. परीक्षेत पुतळ्यावर तेच करून दाखवायचं असतं. बाकीची मुलं जाता-येता वाचतात. याने मित्राला फोटो काढायला सांगितला आणि आमच्याकडे पाठवला. फोटो खालून, तिरका काढलेला होता. उजव्या बाजूला ट्यूबलाइटची पांढरी पट्टी चकाकत होती आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात कपाटाची कड आली होती.

फ्लोचार्टमधल्या निर्णयाच्या चौकटीला आमच्या ऑफिसात शंकरपाळं म्हणतात. काम हाती आलं की मी आधी शंकरपाळी मोजते. इथे पाच होती. प्रतिसाद देतो का? श्वास नॉर्मल आहे का? नाडी लागते का? दोन मिनिटांनी पुन्हा नाडी लागते का? एईडी शॉक द्यायला सांगतं का? एईडी म्हणजे हृदयाचा ताल तपासून गरज असेल तर विजेचा झटका द्यायला सांगणारं यंत्र. पाच शंकरपाळी म्हणजे बाहेर पडणाऱ्या दहा वाटा. लिहून झालेल्या मजकुरात 'अमुक पायरीकडे जा' दहा वेळा सापडलं नाही, तर कुठेतरी एक वाट बुजली आहे. हा हिशेब केल्याशिवाय मी कुठलीही फाइल पुढे पाठवत नाही.

पहिला मसुदा माझ्या सहकारी मुलीने केला होता. ती मराठी फार छान लिहिते आणि नेमकं तेच इथे आडवं आलं. शेवटच्या शंकरपाळ्याखाली शेजारीशेजारी दोन चौकटी होत्या. डावीकडची 'हो' ची: 'एक शॉक द्या. लगेच सीपीआर सुरू करा, २ मिनिटे.' उजवीकडची 'नाही' ची: 'लगेच सीपीआर सुरू करा, २ मिनिटे.' सीपीआर म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणं. फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरने दोन्ही चौकटी सलग एका ओळीत वाचल्या होत्या आणि त्या ओळीला काही अर्थच उरला नव्हता. तिने ते सावरून एक वाक्य केलं: 'एईडी सांगेल त्याप्रमाणे शॉक द्या किंवा सीपीआर सुरू ठेवा.'

वाचायला काही खटकत नाही. पण त्या 'किंवा'ने 'हो' च्या वाटेवरचा सीपीआर पुसून टाकला. या वाक्यावर भिस्त ठेवणारा माणूस शॉक देईल आणि हात बाजूला घेऊन वाट बघेल. फ्लेक्सवर शॉकनंतर लगेच छाती दाबायला सांगितलंय. मी तिला एवढंच म्हटलं की दोन चौकटींत सारखे शब्द दिसले की त्या एकत्र करायचा मोह होतो, आणि नेमकी तिथेच एक वाट हरवते. तिला ते पटलं, पण थोडी दुखावली. दुखावणारच. चांगलं वाक्य मोडायला सांगितलं की कुणालाही लागतं.

'हो' आणि 'नाही' कुठल्या बाजूला आहेत यावरही विसंबून चालत नाही. वरच्या शंकरपाळ्यात 'हो' उजवीकडे होतं, खालच्यात डावीकडे. उजवीकडचं 'नाही' तर ट्यूबलाइटच्या चकाकीत अर्धं गेलं होतं. एक बाजू 'हो' म्हटल्यावर दुसरी 'नाही' असणार, हा अंदाज इथे बरोबर निघाला. पण अंदाज आहे तोवर मी तो फाइलमध्ये घालत नाही.

खरी अडचण कपाटाच्या कडेपाशी होती. त्या दोन्ही चौकटींमधून निघालेल्या रेषा एकत्र येऊन डावीकडून वर जात होत्या, आणि बाणाचं टोक कडेमागे लपलं होतं. रेषा एईडीच्या शंकरपाळ्यापाशी थांबते, की आणखी वर नाडीच्या शंकरपाळ्यापर्यंत जाते? सहकारी मुलीने नाडी लिहिलं होतं. तिचा तर्क सरळ होता. शॉक दिला, आता हृदय चालू झालं का ते बघायला नको? मलाही क्षणभर ते पटलं. तरीही मी मुलाला दुसरा फोटो मागितला. त्याचा मित्र बाकावर चढला, ट्यूबलाइट बंद केली आणि फ्लेक्सच्या अगदी समोरून फोटो काढला. रेषा एईडीपाशीच थांबत होती.

त्यांच्या शिक्षिकांना फोनवर कारण विचारलं. त्या म्हणाल्या, शॉकने ताल परत आला तरी हृदय सुरुवातीला नीट रक्त ढकलत नाही. नाडी चाचपत बसलं तर तेवढा वेळ छाती दाबणं थांबतं आणि मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो. म्हणून शॉक झाला की थेट हात छातीवर, आणि दोन मिनिटांनी एईडीच पुन्हा तपासतं. दुसरा फोटो मागितला नसता तर आम्ही त्या मुलाला शॉकनंतर नाडी शोधायला पाठवलं असतं.

मग मी हे असं लिहिलं:

पायरी ९. एईडी हृदयाचा ताल तपासतं. शॉक द्यायला सांगतं का?
हो: एक शॉक द्या. मग पायरी १० कडे जा.
नाही: शॉक देऊ नका. थेट पायरी १० कडे जा.
पायरी १०. लगेच सीपीआर सुरू करा, २ मिनिटे. मग पायरी ९ कडे जा.

'शॉक देऊ नका' हे शब्द फ्लेक्सवर नाहीत. 'नाही' च्या चौकटीत शॉकचा उल्लेखच नसतो, कारण बघणाऱ्याला शेजारची चौकट दिसत असते. ऐकणाऱ्याला शेजार नसतो, म्हणून जे करायचं नाही तेही उच्चारावं लागतं.

यादीत यादी, तिच्या आत आणखी यादी, अशी उतरंड मी मुद्दाम टाळते. स्क्रीन रीडर 'यादी, पातळी ३' असं सांगत जातो आणि चौथ्या पातळीवर ऐकणारा कुठल्या 'नाही' मध्ये शिरलाय हे विसरतो. शिवाय मागे जाणारा बाण उतरंडीत बसतच नाही. त्याऐवजी सगळ्या पायऱ्या एकाच पातळीवर ठेवायच्या, प्रत्येकीला मथळा करायचा आणि 'पायरी १० कडे जा' ला लिंक द्यायची. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारा एच दाबून मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारतो, नाहीतर लिंकवर एंटर दाबतो. आकडे मी हाताने टाइप करते, कारण आपोआप पडणारे आकडे मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवताना गळून पडण्याची भीती असते.

अशी अकरा पायऱ्यांची फाइल गेली आणि दोन दिवसांनी तो फोन आला. मी म्हटलं, "अरे, खाली लिहिलंय की. मदत येऊन त्यांनी ताबा घेईपर्यंत, किंवा माणूस हालचाल करू लागेपर्यंत."

"खाली कुठे?"

फ्लेक्सवर ती ओळ अगदी तळाशी, लहान अक्षरांत होती. मीही ती पायरी ११ नंतर, सगळ्यात शेवटी ठेवली होती. पण दहावी पायरी त्याला नवव्याकडे पाठवते आणि नववी दहाव्याकडे. मी दिलेल्या सूचना तो तंतोतंत पाळत होता, म्हणून तो त्या ओळीपर्यंत कधी पोचणारच नव्हता. दहाच्या दहा वाटा हिशेबात बरोबर होत्या आणि तरी माझ्या फाइलमधून बाहेर पडायला दार नव्हतं. ती ओळ उचलून मी पायरी १० च्या आत घातली, 'मग पायरी ९ कडे जा' च्या आधी. आता शंकरपाळ्यांबरोबर मागे वळणारे बाणही मोजते आणि प्रत्येक फेरीला सुटका कुठे आहे ते शोधते. त्याच फ्लेक्सवर तोंडाने श्वास देण्याची दुसरी फेरी होती: सहा सेकंदांना एक श्वास, दोन मिनिटांनी पुन्हा नाडी. तिथे 'नाही' ची वाट सीपीआरकडे जात होती, पण श्वास परत आला तर काय, हे फ्लेक्सवरच नव्हतं. शिक्षिकांना विचारून ते टिपेत घातलं.

फोन ठेवण्याआधी त्याने आणखी एक विचारलं. "पायरी चार श्वास, पायरी पाच नाडी. एक झाल्यावर दुसरी, असंच ना?"

तसं नाही. एका हाताची बोटं मानेवर नाडी शोधत असतात आणि त्याच वेळी छाती हलते का ते बघायचं असतं. हा मुलगा छातीवर हात ठेवून ते जाणणार. दोन्ही मिळून दहा सेकंदांच्या आत. फ्लेक्सवर दोन शंकरपाळी वरखाली आहेत, कारण एका शंकरपाळ्यात एकच प्रश्न मावतो. ज्यांनी प्रात्यक्षिक पाहिलंय ते ती एकत्रच वाचतात. मी आकडे घातले आणि क्रम पक्का झाला.

शिक्षिकांशी बोलून मी दोन्ही पायऱ्या एक केल्या आणि तिच्यातून तीन वाटा काढल्या. श्वास नॉर्मल असेल तर लक्ष ठेवा. श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, पण नाडी लागते, तर तोंडाने श्वास द्या. नाडीही लागत नसेल तर सीपीआर. अकराच्या दहा पायऱ्या झाल्या, पुढचे सगळे आकडे सरकले, आणि दहा वाटांच्या नऊ झाल्या, कारण श्वासाकडून नाडीकडे जाणारा बाण पायरीच्या पोटात गेला. दोन ठिकाणी जुना आकडा तसाच राहिला होता, तो मोजणीनंतरच्या वाचनात सापडला.

आमच्या ऑफिसचा नियम आहे की मूळ मजकूर बदलायचा नाही. इथे मी बदलला. वर टीप लिहिली की मूळ तक्त्यात श्वास आणि नाडी असे दोन वेगळे प्रश्न आहेत, इथे ते एकत्र केले आहेत. आमच्या वरिष्ठ मॅडमना ते रुचलं नाही. परीक्षक फ्लेक्सवर बोट ठेवून 'चौथा प्रश्न कुठला' असं विचारेल, तेव्हा हा मुलगा काय सांगेल, असं त्या म्हणाल्या. प्रश्न रास्त आहे. त्यावर माझ्याकडे एवढंच होतं की पुतळ्यावर त्याचे हात बरोबर पडतील.

सध्या त्याच्याकडे दोन्ही फाइली आहेत. एक फ्लेक्सप्रमाणे अकरा पायऱ्यांची, सुटकेची ओळ आत घेतलेली. दुसरी दहा पायऱ्यांची. कुठली पाठ करतोय ते मी अजून विचारलेलं नाही.