रेल्वेचा आणि एसटीचा सवलत पास: माझा अनुभव

मला लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना, यूडीआयडी या सरकारी अपंगत्व ओळखपत्रावर 70 टक्के अपंगत्व लिहिलंय. मला वाटायचं हे कार्ड दाखवलं की काम झालं. एसटीत तसंच होतं खरं, कंडक्टर कार्ड बघतो नि 75 टक्के सवलतीचं तिकीट फाडतो, 40 टक्क्यांच्या वर अपंगत्व असलं की बास. आणि 65 च्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट. म्हणजे 200 रुपये भाडं असेल तर माझे 50, बायकोचे 100.

रेल्वेचं गणित मात्र वेगळंय. तिथे टक्के कोणी विचारत नाही, रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि त्यात सरकारी डॉक्टरनी लिहायला हवं की हा माणूस सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही. हाडाच्या अपंगांना सवलत त्याच अटीवर आहे. पूर्ण अंध माणसाला एकट्यानेही मिळते, मला नाही, मी एकटा निघालो तर पूर्ण भाडं!

तर नमुना छापून सरकारी दवाखान्यात गेलो, ओळीत दोन तास बसलो, डॉक्टरांनी सही केली, शिक्का मारला, खुश होऊन घरी आलो. सगळं स्कॅन करून divyangjanid.indianrail.gov.in वर अर्ज टाकला, दाखला, अपंगत्व प्रमाणपत्र, आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो. काही दिवसांनी अर्ज परत! कारण काय तर शिक्का पूर्ण कागदावर पडलेला, फोटोवर नाही. सही-शिक्का अर्धा फोटोवर नि अर्धा कागदावर पाहिजे. वर तारखेत एक आकडा गिरवलेला, खाडाखोड चालत नाही. परत गेलो, नवा फॉर्म, या वेळी मीच बोट ठेवून सांगितलं, "सर, इथे, फोटोच्या कडेवर." डॉक्टर हसले.

मग रेल्वेचं सवलत कार्ड आलं. आता त्याच्या नंबरवर आयआरसीटीसीवर घरबसल्या तिकीट निघतं, पण माझ्यासोबत सोबत्याचं नाव टाकावंच लागतं, नि दोघांनाही तेवढीच सवलत. स्लीपर, थर्ड एसीला 75 टक्के, सेकंड नि फर्स्ट एसीला 50, राजधानी-शताब्दीच्या थर्ड एसी आणि चेअरकारला फक्त 25.

आणि सवलत मूळ भाड्यावरच असते हे पहिल्यांदा कळत नाही. समजा स्लीपरचं मूळ भाडं 400, तर माझे 100, पण आरक्षणाचे 20 नि सुपरफास्टचे 30 पूर्णच, म्हणजे माणशी 150, दोघांचे 300. मी मनात 200 धरून बसलेलो, वाटलं यांनी जास्त कापले. पूर्ण तिकिटाने 900 झाले असते म्हणा.

कार्ड मात्र गाडीत मूळचंच ठेवा, टीसी झेरॉक्स घेत नाही, बायकोच्या पर्समध्ये आता कायमचं ते असतं.