आज चाळीस करू का?

चिकोडीच्या दवाखान्यात त्या दिवशी निपाणीकडचे एक काका वही घेऊन आले. रात्री ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर संथपणे काम करणारं बेसल इन्सुलिन, घ्यायचं, सकाळी उपाशीपोटी साखर तपासायची आणि सलग तीन दिवस ती १३०च्या वर राहिली तर दोन युनिट वाढवायचे, असा नियम मी त्यांना लिहून दिला होता. तीन दिवस थांबायचं, कारण वाढवलेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-चार दिवस जातात. रोज वाढवलं तर कालच्या डोसचा हिशेब लागायच्या आत आजचा चढतो.

दहा युनिटपासून सुरू करून काका ३८वर पोचले होते. सकाळचे आकडे १४२, १३६, १४८. "डॉक्टर, नियमानं आज चाळीस करू का?"

मी त्यांचं वजन बघितलं, ६४ किलो. किलोमागे अर्धा युनिट धरला तर ३२ होतात. त्या हद्दीच्या आसपास पोचलं की पुढची वाढ आपोआप करायची नाही, आधी कारण शोधायचं. म्हणून विचारलं, "झोपताना तपासता का?"

काकूंच्या सांगण्यावरून काही रात्री तपासली होती. २६२, २७०, २५८. म्हणजे रात्रीतून साखर शंभराहून जास्त उतरत होती. झोपतानाची आणि सकाळची साखर यांत पन्नासापेक्षा जास्त फरक पडू लागला, की बेसलचा डोस गरजेपेक्षा जास्त झाल्याची शंका घ्यावी. खरी चढण रात्रीच्या जेवणानं होत होती आणि रात्रीचं इन्सुलिन ती खाली ओढत होतं.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "एकादशीला रात्री नुसतं ताक पिऊन झोपले. तीन वाजता घामानं भिजून उठले. ५४ होती. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली. पंधरा मिनिटांनी बघितलं तर ८८."

वहीत ही नोंदच नव्हती. माझ्या दृष्टीनं सगळ्या वहीत तीच सर्वांत मोलाची. बेसल नेमकं असेल तर एखादं जेवण चुकलं तरी साखर फार घसरत नाही. इथं मात्र रोजच्या जेवणाच्या आधारावर ३८ युनिट तग धरून होते.

डोस वीस टक्के कमी करून मी ३० केला. रात्रीच्या जेवणाआधी जलद इन्सुलिनचे चार युनिट सुरू केले आणि जेवलं नाही तर ते घ्यायचं नाही, हे काकूंकडून दोनदा म्हणवून घेतलं. वहीतल्या नियमाखाली नवी ओळ लिहिली: "साखर ७०च्या खाली गेली तर वाढ बंद, चार युनिट कमी, आणि मला फोन. झोपतानाची साखरही लिहायची."

पुढच्या खेपेला वहीत झोपतानाचे आकडे १७०च्या आसपास होते आणि सकाळचे १२०च्या घरात. बेसल तीसवरच ठेवलं.