पुन्हा लावलेले कुलूप

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात गेल्या महिन्यात एक मेसवाले काका आले. त्यांचा फोन सुरू होत नव्हता आणि पडद्यावर योग्य ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नसल्याची सूचना दिसत होती. सोबत पुतण्या होता. त्याचा चेहरा पाहिल्यावर बिघाड नेमका कुणी केला हे विचारण्याची गरज राहिली नाही.

कंपनीने त्या फोनला अपडेट देणे अडीच वर्षांपूर्वी बंद केले होते, म्हणून पुतण्याने बूटलोडर, म्हणजे फोन चालू करताना प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, अनलॉक करून फोनवर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली पर्यायी प्रणाली चढवली होती. हे काम त्याने व्यवस्थित केले होते, हे मान्य करायला हवे. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. चोराने फोन अनलॉक करून आतली माहिती वाचू नये यासाठी ती सोय आहे आणि ती ठाऊक असल्यामुळे त्याने आधी बॅकअप घेतला होता. फोन उत्तम चालू लागला; फक्त बँकेचे ॲप उघडेना. मेसचे पैसे त्याच फोनवर जमा होत असल्यामुळे काका वैतागले. तेव्हा ‘बूटलोडर लॉक केला की ॲप चालते’ हे कुठल्याशा व्हिडिओतले अर्धे वाक्य ऐकून पुतण्याने लिनिएज तशीच ठेवली आणि कुलूप लावले.

उरलेले अर्धे वाक्य असे आहे की, कुलूप लावण्याआधी फोनवर कंपनीची मूळ प्रणाली परत चढलेली असली पाहिजे. बूटलोडर लॉक असताना फोन सुरू होताना प्रणालीवरची सही तपासली जाते. लिनिएजवर सही असते ती तिच्या निर्मात्यांची, आणि या फोनला ओळख होती ती केवळ कंपनीच्या किल्लीची. अनलॉक असताना तोच फोन इशारा दाखवून पुढे जात असे. लॉक झाल्यावर त्याने सुरू होण्यासच नकार दिला. पिक्सेलसारख्या काही फोनमध्ये स्वतःची किल्ली नोंदवून पुन्हा लॉक करता येते, परंतु काकांचा फोन त्यांतला नव्हता.

संगणकावरून फोनला आज्ञा देता येतात त्या फास्टबूट स्थितीत फोन नेऊन मी पहिली आज्ञा दिली:

```
fastboot flashing get_unlock_ability
```

उत्तर १ आले आणि मी निःश्वास सोडला. याचा अर्थ बूटलोडर उघडू देणारी ‘ओईएम अनलॉकिंग’ची परवानगी अजून शाबूत होती. तिथे ० आले असते, तर सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी द्यायला फोन सुरू व्हायला हवा आणि फोन सुरू व्हायला परवानगी हवी, असा पेच पडला असता.

मी फोन पुन्हा अनलॉक केला आणि त्याच मॉडेलची, त्याच प्रदेशासाठीची कंपनीची संपूर्ण प्रणाली चढवली. ती आधीच्यापेक्षा जुन्या आवृत्तीची नाही हेही तपासले, कारण काही फोन जुनी आवृत्ती स्वीकारत नाहीत. त्यानंतर फोन एकदा पूर्ण सुरू होऊ दिला आणि मगच `fastboot flashing lock` दिली. घाई होते ती नेमकी या ‘एकदा सुरू होऊ दिला’च्या पायरीवर.

बँकेचे ॲप चालू लागले, परंतु काकांनी विचारले, “उधारीची यादी कुठे आहे?” अनलॉक करताना डेटा जातो हे पुतण्याला माहीत होते, लॉक करतानाही जातो हे माहीत नव्हते. दरम्यानच्या सव्वा महिन्यातली विद्यार्थ्यांची थकबाकी फोनमधल्या टिपणांत लिहिलेली होती आणि ती परत मिळवणे माझ्या हातात नव्हते. “दादा, काहीच करता येणार नाही का?” असे त्याने तीनदा विचारले.

फोन वॉरंटीबाहेरचा असल्यामुळे तो प्रश्न आला नाही. एरवी चार्जिंगचे सॉकेट बिघडले तरी काही सेवा केंद्रे अनलॉक बूटलोडर पाहून हात झटकतात आणि मला तो आळशीपणा वाटतो. सॅमसंगची नॉक्स ही सुरक्षा व्यवस्था असलेल्या फोनमध्ये मात्र अनधिकृत प्रणाली चढवल्याची नोंद कायमची होते; मूळ प्रणाली परत आणली तरी ती पुसली जात नाही आणि ‘सिक्युअर फोल्डर’ पुन्हा चालत नाही.

त्या दिवसापासून मला सतावते आहे ती बँकेच्या ॲपची परीक्षा. असे ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारते की हा फोन विश्वासार्ह आहे का. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनसाठी त्या उत्तराला सुरक्षित चिपची साक्ष लागते, आणि बूटलोडर उघडा आहे ही गोष्ट ती चिप लपवत नाही. तो लपवण्याच्या क्लृप्त्या पुतण्याला ठाऊक होत्या, पण त्या आज चालतात आणि उद्या बंद पडतात. ज्या फोनवर रोजची कमाई जमा होते तिथे मी त्या वापरत नाही.

उघड्या बूटलोडरचा धोका खोटा नाही. फोन काही मिनिटे हाती लागला तर कुणीही त्यात फेरफार केलेली प्रणाली घालू शकतो आणि मालकाने पुढच्या वेळी पिन टाकला की तो टिपू शकतो. परंतु लिनिएजवर गेल्या महिन्याचा सुरक्षा पॅच होता, जरी चिपनिर्मात्याचे भाग जुनेच राहिले होते. मी कुलूप लावून परत दिलेल्या प्रणालीवरचा पॅच अडीच वर्षांपूर्वीचा होता. बँकेच्या ॲपने पहिली नाकारली आणि दुसरी विनातक्रार स्वीकारली.

निघताना काकांनी विचारले, “आता हा सुरक्षित आहे ना हो?” मी त्यांना पॅचची तारीख दाखवली, नवा फोन घेण्याचे सुचवले आणि बँकेचे ॲप चालते आहे, एवढेच सांगितले.