ड्रम निघाला, पण साडेतीन वाजता

रविवारी सकाळी अकराला वॉशिंग मशीनचं वरचं झाकण सोडवताना मेकॅनिकदादा म्हणाले, "तासाभराचं काम आहे ताई." ड्रम बाहेर आला तेव्हा साडेतीन वाजले होते, त्यांचा डबा तसाच राहिला होता आणि आमच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा नव्हती. हे लिहितेय ते मुख्यतः त्या साडेचार तासांबद्दल. थोडा राग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरही आहे, तो आधी काढून टाकते.

आमची मशीन वरून कपडे टाकायची, सात वर्षं जुनी. गेल्या पावसाळ्यापासून मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर काळे कण यायला लागले. चहाची भिजलेली पूड असते ना, तसे. पण बोटानं चिरडले की पापुद्रा असल्यासारखे पसरायचे आणि काळी रेघ उमटायची. आधी मला वाटलं, खिशात काहीतरी राहिलं असेल. मग टॉवेलला ओला, कोंदट वास यायला लागला. सर्व्हिस सेंटरला फोन केला. माणूस आला, ड्रममध्ये टॉर्च मारला, "एकदम स्वच्छ आहे" म्हणाला, टब साफ करायच्या पावडरीची दोन पाकिटं विकली, भेटीचे पैसे वेगळे घेतले आणि गेला. दीड महिन्यानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी फोनवरच सांगितलं की ड्रम उघडून दाखवा, तर उत्तर आलं, "मॅडम, ड्रम उघडायचं काम आम्ही करत नाही, पावडर वापरून बघा."

स्टीलचा ड्रम आतून चकचकीतच असतो, तो बघून काहीच कळत नाही. खरा प्रकार त्याच्या मागे असतो. ड्रम एका प्लास्टिकच्या मोठ्या टबात बसलेला असतो आणि दोघांमध्ये जेमतेम दोन बोटं फट असते. पाणी, फेस, कपड्यांचा मळ, सगळं भोकांतून त्या फटीत जातं आणि तिथं ना ऊन लागत, ना वारा, ना आपला हात. त्यात आम्ही वाघोलीत राहतो. टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी, बादलीला आठवड्यात पांढरा थर चढतो. तोच थर टबाला आतून चढतो, खरखरीत होतो, त्याला न विरघळलेली धुण्याची पावडर आणि कपड्यांचे तंतू धरतात आणि बुरशीला आयता बिछाना मिळतो. मी दर धुण्याला कंफर्टसारखं सुगंधी लिक्विडही ओतायची. ते चिकट असतं, हे त्या दिवशी ड्रमच्या पाठीवर बोट फिरवल्यावर कळलं.

टब साफ करायच्या पावडरीनं काहीच होत नाही असं नाही. वरचा थर मऊ होतो. पण थर जुना आणि जाड असला तर तो पूर्ण सुटत नाही, नुसता सैल होतो, आणि पुढची चार-पाच धुणी सुटे झालेले तुकडे कपड्यांवर येत राहतात. आमच्याकडे प्रत्येक पाकिटानंतर कण वाढायचे ते यामुळे. आणि मी समजत होते, पावडर कमी पडली!

तर शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या दादांना बोलावलं. प्लग काढला, नळ बंद केला, पाणी जायचा पाइप खाली सोडून उरलेलं पाणी काढलं. वरचं झाकण, टबाच्या काठावरची प्लास्टिकची रिंग, तळातली चक्री धरून ठेवणारा एकच स्क्रू, हे सगळं अर्ध्या तासात झालं. (रिंग काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. आम्ही काढला नाही, मग बसवताना दोनदा उलटी बसली.) चक्री हातानं निघेना, तेव्हा त्यांनी हँगरच्या तारेचे दोन आकडे करून तिच्या भोकांत अडकवले आणि सरळ वर ओढली. खाली जे होतं ते बघून सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. राखाडी चिखल, केस, एक सेफ्टी पिन, रुपयाचं नाणं.

चिखलाखाली मोठा नट. पाना लावला तर नटाबरोबर ड्रमच फिरायला लागला. मी ड्रम धरायचा, त्यांनी पान्याच्या दांड्यावर हातोडीचे छोटे ठोके द्यायचे. नट सुटला. काही मशीनना इथे उलटे आटे असतात, तेव्हा जोर लावायच्या आधी नटावर बाण आहे का ते पाहावं. चुकीच्या दिशेला पिळत बसलो तर आटे जातात.

आता ड्रम नुसता वर उचलायचा. उचलेना.

दादांनी एकदा ओढला, मग मी आणि दादा, मग माझा नवरा. मशीन अख्खी जमिनीवरून उचलली गेली, ड्रम तसूभर हलला नाही. ड्रमच्या तळाला मधोमध ॲल्युमिनियमचा एक जाड गट्टू असतो, त्याच्या भोकाला दाते असतात आणि ते ड्रम फिरवणाऱ्या स्टीलच्या दांड्यावरच्या दात्यांत बसतात. या दोन धातूंच्या मध्ये सात वर्षं खारं पाणी मुरलं होतं. टॉर्चच्या उजेडात दात्यांच्या कडेनं पांढरा, दगडासारखा झालेला क्षार दिसत होता.

नवरा म्हणाला, हातोडी मारू. दादांनी त्याला चक्क बाजूला केलं. दांड्याखाली गिअरबॉक्स असतो. वरून घाव घातला तर ड्रम निघेल की नाही माहीत नाही, गिअरबॉक्स नक्की जाईल. ड्रमच्या वरच्या जाड प्लास्टिकच्या कड्यालाही हात लावून ओढू नका म्हणाले. त्या कड्यात तोल सांभाळायला मिठाचं पाणी भरलेलं असतं, ते फुटलं तर मशीन पिळताना उड्या मारते. मी नेमकी तिथंच धरून ओढत होते.

मग गंज सोडवायचा स्प्रे मारून पाऊण तास वाट पाहिली. काही नाही. माझा संयम इथं संपला. "राहू दे, नवीनच घेऊ," असंही बोलून गेले. दादांनी विचारलं, लिंबूफूल आहे का घरात? होतं, ढोकळ्यासाठी आणलेलं. दोन मोठे चमचे पेलाभर कढत पाण्यात विरघळवले, दांड्याभोवती जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून आळं केलं आणि त्यात ते पाणी ओतलं. बारीक बुडबुडे यायला लागले. क्षारावर आंबट पडल्याची ती खूण. बुडबुडे थांबले की पाणी बदलायचं. वीस-वीस मिनिटांनी तीनदा केलं. ॲल्युमिनियमला आंबट फार वेळ सोसत नाही, म्हणून रात्रभर ठेवायचं नाही, प्रत्येक वेळी साध्या पाण्यानं धुवायचं.

शेवटी उकळतं पाणी. गट्टूवर बारीक धारेनं, भोवती फिरवत. ॲल्युमिनियम तापलं की स्टीलपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक क्षणभर सैल होतं. नट दोन आटे परत चढवला, म्हणजे दांड्याचे आटे वाचतील, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवला. आम्ही दोघांनी ड्रमच्या भोकांतून ओवलेली नायलॉनची दोरी दोन बाजूंनी वर ताणून धरली आणि दादांनी लाकडावर हलके, एकसारखे ठोके दिले. अकराव्या की बाराव्या ठोक्याला "टक्" आवाज झाला. नट काढून ड्रम डावी-उजवी डुलवत वर घेतला. मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

दादांचं म्हणणं, खाऱ्या पाण्याच्या भागात तीन-चार वर्षांनी एकदा ड्रम काढला तर तो अडकत नाही. शेजारच्या काकूंची मशीन पुढून दाराची आहे, त्यांनीही लगेच विचारलं. पण तशा बऱ्याच मशीनमध्ये टबाचे दोन अर्धे कारखान्यातच एकमेकांना वितळवून जोडलेले असतात, ते असे उघडत नाहीत. त्यांना रबराची घडी पुसणं आणि गरम पाण्याचं धुणं एवढंच हातात आहे.

टब कसा होता? पाणी जिथवर चढतं त्याच्या वर, जिथं फक्त फेस पोचतो, तिथं चार बोटांचा काळाकुट्ट पट्टा. म्हणजे मी धुण्याची पावडर जास्त टाकत होते, फेस तिथवर जात होता आणि तो थर धुवायला पाणी मात्र पोचत नव्हतं. खाली पांढरा थर, त्यावर काळे ठिपके. भांड्यांचा साबण आणि कडक ब्रश यांनी पट्टा तासाभरात गेला. दांड्याजवळचा एक तपकिरी ओघळ मात्र दादांनी आधी बोटावर घेऊन चोळला, हुंगला. तो तेलकट निघाला असता तर आतलं सील गेलंय, ग्रीस बाहेर येतंय असं समजायचं आणि मग खर्च मोठा. पाण्यानं धुतला गेला, म्हणजे नुसता गंज.

ठिपके मात्र राहिले. पाठीवर तीळ असावेत तसे, शंभरेक. मी हट्टाला पेटले. लिंबूफुलाचं पाणी पूर्ण धुऊन टाकून, खिडकी उघडी ठेवून, एक वाटी ब्लीच दहा वाट्या पाण्यात घालून कापडानं लावलं. ब्लीच आणि आंबट एकत्र आलं तर विषारी वायू निघतो, म्हणून मधलं धुणं टाळू नका. दहा मिनिटांत निम्मे ठिपके फिकट पिवळे झाले, उरलेले काळेच. दादा म्हणाले, टिश्यू घासून बघा. पांढराच राहिला. नखाला काही लागलं नाही, वासही नव्हता. "ही बुरशी नाही ताई, बुरशीचा डाग आहे. प्लास्टिकमध्ये मुरलाय." आणखी घासलं तर टबावर चरे पडतील आणि पुढची बुरशी त्या चऱ्यांत बसेल, म्हणून सोडून दिलं.

बाराशे रुपये ठरले होते, मी पंधराशे दिले आणि जेवायला वाढलं. आता पावडर आधीपेक्षा निम्मी, तीही कोमट पाण्यात विरघळवून. सुगंधी लिक्विड बंद, झाकण रात्रभर उघडं. पुढच्या रविवारी एकटा जुना पांढरा पंचा टाकून मशीन चालवली आणि उन्हात धरून पाहिला. दोन कण होते. त्याच्या पुढच्या रविवारी एकही नव्हता.